अक्कलखाते

ऐंशीव्या वाढदिवसाच्या समारंभात नातवंडांपैकी कोणी तरी बोलायला उभे राहते आणि बहुधा एकच भाषण होते. आजोबांनी हजार पौर्णिमा पाहिल्या, कष्ट सोसले, आम्हांला संस्कार दिले. आम्ही त्यांना मोबाइल शिकवला. टाळ्या पडतात, केक नसला तर पेढे वाटले जातात आणि घरी परतताना भाषणातले एकही वाक्य कोणाच्या लक्षात नसते. पालघरच्या एका व्यापारी घराण्यात यंदा झालेले भाषण मात्र ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिले, कारण त्यात हिशेब होता, आणि त्या हिशेबात तूटही होती.

बोलणारी नात बोईसरला एका सनदी लेखापालांकडे उमेदवारी करते. तिचे पहिलेच वाक्य हजार पौर्णिमांविषयी होते. "दादाजींनी हजार पौर्णिमा पाहिल्या असे निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक अंतर असते. ऐंशी वर्षांचे दिवस होतात २९,२२०. भागाकार केला तर आजवर ९८९ पौर्णिमा झाल्या. हजार भरायला अजून सुमारे दहा महिने आहेत. दादाजींच्या वहीत न आलेली रक्कम जमा धरत नाहीत, म्हणून मीही धरत नाही." सभागृहात हसू उमटले. पहिल्या रांगेतल्या दादाजींनी मात्र मान डोलावली; आकडा बरोबर होता.

दादाजी राजस्थानातून सोळाव्या वर्षी पालघरला आले. नातेवाइकांच्या किराणा दुकानात आधी गुमास्ता, मग वह्या लिहिणारे मुनीम, मग स्वतःचे दुकान, असा त्यांचा प्रवास झाला. तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते ते दिवस. १९६९ साली केंद्र सुरू झाले. त्याआधीची काही वर्षे त्या भागात मजूर, गवंडी, ठेकेदार यांची गर्दी असे. त्यांच्या खाणावळींना धान्य, तेल, गूळ पुरवायचा तर उधारी आलीच. दादाजी पालघरहून गाडीने, मध्ये उमरोळी सोडून, बोईसरला उतरत आणि पुढे मिळेल त्या वाहनाने माल पोचवत. औद्योगिक वसाहत वाढली तसा त्यांच्या मुलाने, म्हणजे नातीच्या वडिलांनी, बोईसरला तारापूर रस्त्यावर दुकान घातले. तिथे धान्य नाही. कारखान्यांना लागणारे हातमोजे, गमबूट, नट-बोल्ट, बांधणीच्या पट्ट्या. हा सारा इतिहास नातीने चार वाक्यांत उरकला, आणि ते योग्यच केले. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तो प्रत्यक्ष जगलेला होता.

तिने वेळ दिला तो एका जुन्या वहीच्या पानाला. लाल कापडी बांधणीच्या त्या वहीतल्या पानांना आठ सळ घातलेले असतात; डावीकडचे चार जमेचे, उजवीकडचे चार नावेचे. उमेदवारी सुरू झाली तेव्हा तिला वाटे की हे सारे संग्रहालयात ठेवण्याजोगे आहे. एका रविवारी दादाजींनी तिच्यापुढे १९६८ सालातले एका खाणावळवाल्याचे खाते उघडले आणि व्याज काढायला सांगितले. ५ एप्रिलला १,२०० रुपयांचा माल गेला होता. ५ मे रोजी ५०० रुपये आले. २० मे रोजी आणखी ८०० चा माल गेला आणि ९ जूनला ६०० रुपये आले. व्याज शेकडा दरमहा एक रुपया, हिशेब ३० जूनपर्यंत.

मुलीने अभ्यासक्रमात शिकल्याप्रमाणे रोजची बाकी धरली. १,२०० रुपये ३० दिवस, मग ७०० रुपये १५ दिवस, मग १,५०० रुपये २० दिवस आणि शेवटी ९०० रुपये २१ दिवस. रकमेला दिवसांनी गुणून आलेल्या चार गुणाकारांची बेरीज झाली ९५,४००. दादाजींनी बाकी काढलीच नाही. त्यांनी प्रत्येक नोंद तिच्या मितीपासून ३० जूनपर्यंत किती दिवस उभी आहे एवढेच पाहिले. १,२०० ला ८६ दिवस आणि ८०० ला ४१ दिवस. नावेच्या बाजूचे आंक १,३६,०००. ५०० ला ५६ दिवस आणि ६०० ला २१ दिवस. जमेच्या बाजूचे आंक ४०,६००. वजा केले, उरले ९५,४००. महिन्याचे तीस दिवस आणि शेकड्याचे शंभर म्हणून त्याला तीन हजारांनी भागले आणि ३१ रुपये ८० पैसे उत्तर आले. तिचेही तेच आले होते, फक्त तिने गणकयंत्र वापरले होते.

यालाच कटमिती म्हणतात. आता ही रीत जाणणारे थोडेच उरले. पण बँका आज कॅश क्रेडिट खात्यावर जे व्याज आकारतात ते याच तत्त्वावर. बचत खात्याच्या ग्राहकांना तर रोजच्या शिलकीवर व्याज मिळू लागले ते १ एप्रिल २०१० पासून. तोवर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरली जाई आणि ग्राहकाचे बरेच दिवस फुकट जात. पेढीवरचा मुनीम त्या बाबतीत बँकेच्या पुढे होता असे म्हणायला हरकत नाही.

पण नातीला त्या पानावरून मिळालेला धडा कटमितीचा नव्हता. ३१ रुपये ८० पैशांच्या पुढे बारीक अक्षरात लिहिले होते, "सोडले". तिने विचारले, "दादाजी, घ्यायचेच नव्हते तर काढले कशाला?" ते म्हणाले, "सोडायचे तरी किती सोडतो ते कळायला नको? न मोजता सोडलेले ते औदार्य नव्हे बेटा, तो निष्काळजीपणा." भाषणात हे सांगून ती थांबली. पुढच्या भागासाठी तिला पाण्याचा घोट घ्यावा लागला.

मागच्या पावसाळ्यात घडलेली गोष्ट घरातल्या सहा माणसांपलीकडे कोणाला माहीत नव्हती. ती भाषणात असावी की नसावी यावर घरात आठवडाभर वाद चालला होता. आत्याचे म्हणणे, शुभप्रसंगी असले काही नको. वडील गप्प होते. शेवटी दादाजींनीच निकाल दिला: "माझ्या वयाची चाळीस माणसे त्या दिवशी समोर बसतील. त्यांना हे कोण सांगणार?"

झाले होते असे. दुपारी एकच्या सुमारास दादाजींना फोन आला. बोलणारा म्हणाला की दूरसंचार विभागातून बोलतो, तुमच्या आधारवर घेतलेला दुसरा मोबाइल क्रमांक काळ्या पैशांच्या प्रकरणात सापडला आहे. मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, हातात दादाजींच्या नावाचा शिक्का मारलेला कागद. तुम्ही आता डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगितलेत तर त्यांनाही गुंतवावे लागेल. तुमच्या खात्यातले पैसे स्वच्छ आहेत का हे तपासण्यासाठी ते या खात्यावर पाठवा. दोन तासांत परत मिळतील. दादाजींनी एक रास्त शंका काढली होती. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर ज्याचे खाते त्याचे नाव येते. तिथे सरकारी कार्यालयाचे नव्हे, कोणा एका व्यक्तीचे नाव होते. त्यावर उत्तर मिळाले की हे तपास अधिकाऱ्याचे खाते. साठ वर्षे अब्रूने व्यापार केलेल्या माणसाला अटक हा शब्दच पुरेसा होता. यूपीआयने दिवसाला एक लाखापर्यंत जातात. २ वाजून १० मिनिटांनी ९८,००० रुपये गेले.

आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पोलीस असोत की न्यायालय, व्हिडिओवर कोणाला अटक करत नाहीत आणि तपासासाठी पैसे मागवून घेत नाहीत. हे आज अनेकांना ऐकून माहीत असते. पण ते माहीत असणे आणि त्या दोन तासांत आठवणे यांत फार अंतर आहे.

दादाजींनी आज्ञेप्रमाणे कोणालाही काही सांगितले नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही. संध्याकाळी साडेपाचला नात नेहमीप्रमाणे पालघरच्या घरी आली आणि त्यांच्याजवळ रोजमेळ घेऊन बसली. दुकान मुलाकडे गेले तरी दादाजी स्वतःच्या खर्चाचा रोजमेळ ठेवतात. औषधे, दानधर्म, ठेवींचे व्याज, भाजीसुद्धा. तो जुळल्याशिवाय ते पाण्याचा शेवटचा पेला घेत नाहीत. त्या दिवशीच्या नावेच्या बाजूला, दुधाच्या नोंदीखाली, त्यांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: "तपासणीकामी, हस्ते फोन, दोन तासांत परत येणे, रु. ९८,०००."

नात सभागृहात म्हणाली, "दादाजी माणसांपासून लपवू शकले. वहीपासून त्यांना लपवता आले नाही. ती ओळ तिथे नसती तर मला कळले नसते, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक लाख गेले असते. त्या लोकांनी सकाळी दहाची वेळ देऊन ठेवली होती."

पुढचे तिने क्रमाने सांगितले, आणि येथे समोरच्या काही जणांनी खिशातून कागद काढले. ५ वाजून ४० मिनिटांनी तिने १९३० हा क्रमांक लावला. तिथे रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात; तो क्रमांक यूपीआयच्या व्यवहाराच्या तपशिलात असतो आणि तो हाताशी नसला की वेळ जातो. तक्रारीचा क्रमांक मिळाला. लगेच आपल्या बँकेला कळवून खात्यातून पैसे जाणे थांबवले आणि रात्री cybercrime.gov.in वर संपूर्ण तक्रार भरली. व्हिडिओ कॉलचा क्रमांक आणि आलेले संदेश पुसून टाकण्याचा मोह घरातल्या एका वडीलधाऱ्यांना झाला होता, तो तिने होऊ दिला नाही, पुरावा तोच.

असे पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते पुढे पुढे पळवले जातात आणि शेवटी कुठेतरी यंत्रातून रोख काढले जातात. म्हणून तक्रार किती वेळात झाली यावरच सारे अवलंबून असते. या प्रकरणात ६१,००० रुपये दुसऱ्या एका खात्यात गोठवता आले. न्यायालयाच्या आदेशानंतर सात महिन्यांनी ते परत मिळाले. ३७,००० तोवर निघून गेले होते. तेच फोन दुपारी सव्वादोनला झाला असता तर कदाचित सगळे वाचले असते. ते साडेतीन तास भीतीने आणि लाजेने खाल्ले.

"मी दादाजींना यूपीआय शिकवले," ती म्हणाली, "दोन रविवार घेतले. रिक्षावाल्याला पैसे कसे द्यायचे, पिन कुठे टाकायचा, सारे शिकवले. पैसे पाठवायला शिकवले. न पाठवायला शिकवले नाही. मी त्यांना दार उघडून दिले आणि कडी कशी लावायची ते सांगितले नाही. दादाजींनी मला वही शिकवली तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितले होते की खोटी नोंद कशी ओळखायची. शिकवण्यात कोण सरस, हे यावरून ठरवा."

त्या घटनेनंतर घरात पहिला विचार आला तो दादाजींचा मोबाइल काढून घेण्याचा. अशा वेळी बहुतेक घरांत हेच होते, आणि तो माणसाला हळूहळू घराबाहेर काढण्याचाच प्रकार असतो. नातीने वडिलांशी भांडून वेगळी व्यवस्था लावली. यूपीआय एका निराळ्या बचत खात्याला जोडले आणि त्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतीच शिल्लक ठेवली. ठेवी व व्याज ज्या खात्यात येते ते यूपीआयपासून तोडले. बँकेत सांगून दिवसाची मर्यादाही खाली आणली. एवढे तर कोणीही करावे.

पण त्यापुढची तोड दादाजींची. आयुष्यभर ते पैसे दिल्यावर नोंद करत आले. आता पाच हजारांवरची रक्कम असेल तर आधी नोंद, मग पैसे, असा त्यांनी नियम केला. देशी वहीत खाते उघडताना नुसते नाव चालत नाही, नाव आणि गाव दोन्ही लागतात. तेव्हा आधी वही उघडायची, लेखणी घ्यायची, कोणास, कोणत्या गावचा, कशापोटी हे लिहायचे आणि मग फोन हातात घ्यायचा. नातीला आधी हे भाबडे वाटले. हिवाळ्यात पुन्हा तसाच फोन आला. एकदा फसलेल्यांचे क्रमांक या लोकांत फिरत असावेत. या वेळी कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले होते. दादाजी म्हणाले, "थांबा, लिहून घेतो," आणि त्यांनी वही उघडली. "आपले पूर्ण नाव? वडिलांचे नाव? गाव कोणते?" चौथ्या प्रश्नाला फोन समोरून बंद झाला. नोंद अर्धवट राहिली आहे. त्यांनी ती खोडली नाही.

वडिलांविषयी नात शेवटी बोलली, आणि जरा घाईने. मधल्या पिढीचे असेच होते. एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला पडदा, आणि मध्ये जो माणूस ऑगस्ट २०१७ मध्ये रात्र रात्र बसून जीएसटीची पहिली विवरणपत्रे भरत होता त्याच्यावर कोणी भाषण करत नाही. ती म्हणाली, "पप्पांनी दादाजींची भाषा मला सांगितली आणि माझी दादाजींना. मी लहान असताना ते मला स्कूटरवरून वसाहतीत वसुलीला न्यायचे. पैसे न देणाऱ्या माणसाशीही आवाज न चढवता कसे बोलायचे ते मी तिथे ऐकले. मागच्या वर्षी मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितले की लहान उद्योगांचे पैसे आता ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यांनी आनंदाने नोंदणीचा कागद काढला, आणि मग मलाच शोधून सांगावे लागले की व्यापाऱ्यांना तो लाभ नाही. आपण माल बनवत नाही, विकतो, म्हणून नोंदणीचा उपयोग फक्त बँकेच्या कर्जासाठी. पप्पा म्हणाले, 'हरकत नाही, वसुलीला मीच जातो.'" वडील मागच्या रांगेत वाढप्यांना सूचना देत उभे होते, त्यांनी हे ऐकले की नाही, कोण जाणे.

मग तिने टेबलावरची वही उघडली. ३७,००० रुपयांची नोंद दादाजींनी कुठे केली हे तिने दाखवले. ते पैसे बुडीत खाती लिहिलेले नाहीत. त्यांनी वहीच्या शेवटी एक नवे खाते उघडले आणि त्याला नाव दिले, "अक्कलखाते". आपल्या बोलीत हा शब्द आपण थट्टेने वापरतो. प्रत्यक्ष मथळा म्हणून लिहिलेला त्या दिवशी बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिला असेल.

"या खात्यात चूक आहे," नात म्हणाली. "सारी रक्कम दादाजींच्या नावावर लिहिली आहे. शिकवणारी मी होते, म्हणून निम्मी माझ्या नावे निघते. मला पहिल्या वर्षाचे विद्यावेतन मिळते त्यातून मी १८,५०० रुपये आणले आहेत. दादाजी, जमा करून घ्या."

तिने पाकीट पुढे केले. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आता आजोबा नातीला जवळ घेणार आणि पाकीट परत करणार, असे सगळ्यांनाच वाटले. दादाजींनी पाकीट घेतले, नोटा दोनदा मोजल्या आणि जमेच्या सळात नातीचे नाव लिहून रक्कम मांडली. मग चष्मा कपाळावर सरकवून ध्वनिक्षेपकाजवळ तोंड नेले आणि विचारले, "व्याजाला मिती कोणती धरायची?"

हशा ओसरेपर्यंत खिडक्यांवरचे ऊन तिरपे झाले होते. चौविहारवाल्यांची पंगत बसायला चाळीस मिनिटे उरली होती. वाढपी ताटे मांडू लागले. दादाजी मात्र अजून वहीवर वाकलेले होते आणि नात त्यांच्या शेजारी बसून दिवस मोजत होती.